सात लिटरचा हिशेब

जानेवारीत माझा एक मित्र पुण्याहून आपली डिझेल गाडी घेऊन लाहौलला गेला. अटल बोगद्यापलीकडे केलाँगला मुक्काम होता आणि रात्री पारा उणे सतरा-अठरापर्यंत उतरला. सकाळी गाडी सुरू झाली. दहा मिनिटं चालवल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला, आणि आतला हीटर मात्र बर्फासारखा गार वारा फेकत होता. बाहेर सगळं गोठलेलं असताना गाडी तापतेय आणि हीटर थंड, हे कोडं त्याला तिथे सुटेना. निघण्याआधी त्याने पुण्यात नवं कूलंट भरून घेतलं होतं. बाटलीवर ‘उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण’ असं ठळक छापलेलं होतं.

बाटलीवरचा मजकूर खोटा नव्हता. चूक हिशेबात झाली होती, आणि ती आपल्याकडे फार सर्रास होते.

कूलंट म्हणजे मुख्यतः एथिलिन ग्लायकॉल, त्यात गंज रोखणारी थोडी रसायनं आणि रंग. उष्णता वाहून न्यायचं काम मात्र खरं तर पाणीच करतं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता तेवढ्याच ग्लायकॉलला पुरते. म्हणजे इंजिनकडून रेडिएटरकडे ओझं नेणारा हमाल म्हणून पाणी कितीतरी तगडं. मग ग्लायकॉल घालायचंच कशाला? तर पाणी शून्याला गोठतं, गोठताना फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं. साध्या पाण्याने लोखंड गंजतं आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय ग्लायकॉलमुळे उकळण्याचा अंशही काहीसा वर जातो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं. उघड्यावर ते १०७-१०८ अंशांना उकळतं आणि रेडिएटरच्या कॅपने कोंडलेल्या दाबाखाली १२५ च्याही पुढे.

यावरून कुणालाही वाटेल की जितकं कूलंट जास्त तितकं उत्तम. तसं नाही. पाणी न मिसळलेलं निव्वळ ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठायला लागतं, म्हणजे अर्ध्या मिश्रणापेक्षा कितीतरी लवकर. शिवाय ते दाट असतं, पाइपांतून जड जातं आणि उष्णता कमी उचलते ती वेगळीच. ‘घट्ट’ कूलंट म्हणून बिनपाण्याचं भरलेली गाडी मे महिन्यात खंबाटकी चढताना साध्या मिश्रणापेक्षा जास्त तापते, ती याच कारणाने. ग्लायकॉल साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे नेण्यात कुठल्याच हवामानात फायदा नाही. उलट बाजूला, ते तीस टक्क्यांच्या खाली गेलं की गंज रोखणारी रसायनंही तितकीच पातळ होतात. बर्फात जाणार असाल तर निम्मं-निम्मं. महाराष्ट्रातच फिरणार असाल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण. तीस ते पन्नास टक्क्यांमध्ये कुठेही असलं तरी आपल्या हवेत ते चालून जातं.

आता मित्राच्या गाडीकडे परत येऊ. तिच्या कूलिंगच्या सगळ्या यंत्रणेत मिळून सात लिटर द्रव मावतो. रेडिएटर, इंजिनच्या भिंतींमधल्या वाटा, होज पाइप आणि डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, सगळं धरून सात. गेली तीन-चार वर्षं पातळी कमी झाली की पेट्रोल पंपावर नळाचं पाणी टाकून भागवलं जात होतं, त्यामुळे आत जवळपास साधं पाणीच उरलं होतं. मेकॅनिकने रेडिएटरखालचा ड्रेन प्लग उघडला. चार लिटर पाणी आलं. मग त्याने चार लिटर तयार कूलंट ओतलं. तयार म्हणजे ज्यात निम्मं पाणी आधीच मिसळलेलं असतं. रेडिएटर काठोकाठ भरला आणि काम झालं.

पण उरलेलं तीन लिटर पाणी इंजिनच्या पोटात होतं, ते ड्रेन प्लगमधून येतच नाही. चार लिटर तयार कूलंटमध्ये ग्लायकॉल दोन लिटर. सातात दोन म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावीस टक्के. असं मिश्रण उणे चौदा-पंधराच्या सुमारास गोठायला लागतं. मित्राला उणे सदतीसचं कवच मिळाल्यासारखं वाटत होतं, प्रत्यक्षात उणे पंधराचंही धड नव्हतं.

इतकं पातळ मिश्रण दगडासारखं गोठत नाही, त्याचा बर्फाचा गोळा विकणाऱ्याकडच्या किसासारखा चुरा होतो. ब्लॉक फुटला नाही तो म्हणूनच. पण तो चुरा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या त्याहून बारीक नळ्यांत अडकून बसला. इंजिन सुरू झालं, ब्लॉकमधला द्रव तापला, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना थर्मोस्टॅट उघडला. पण पुढे वाटच बंद. रेडिएटरवर समोरून बोचरा वारा येत असल्याने तिथला चुरा वितळतही नव्हता. उष्णता इंजिनमध्येच कोंडली, काटा वर गेला. आणि गरम द्रव हीटरपर्यंत पोचतच नसल्याने हीटर गार. म्हणजे थंडीनेच गाडी तापवली होती. एका स्थानिक चालकाने खालचा होज हाताने दाबून पाहिला. तो बर्फासारखा गार आणि कडक लागला. गाडी बंद करून, तोंड उन्हाकडे करून, रेडिएटरसमोर जाड गोधडी लावून दुपारपर्यंत थांबा, एवढंच तो म्हणाला. दुपारी गाडी निमूट चालली.

योग्य हिशेब काय होता? सात लिटरला निम्मं-निम्मं हवं तर आत साडेतीन लिटर ग्लायकॉल गेलं पाहिजे. रिकामी जागा चार लिटरची. म्हणून तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे बिनपाण्याचं कूलंट, साडेतीन लिटर आणि त्यावर अर्धा लिटर पाणी, इतकंच. उरलेलं पाणी आधीच आत बसलेलं आहे. पण ते पाणी नळाचं आणि क्षारांचं असेल, तर आधी डिस्टिल्ड पाणी भरून, गाडी हीटर चालू ठेवून तापवून, थंड झाल्यावर काढून टाकावं. असं दोनतीनदा करावं आणि मग वरचा हिशेब लावावा. काही इंजिनांच्या ब्लॉकलाही वेगळा प्लग असतो, तो उघडता आला तर फारच उत्तम. हे सगळं किचकट वाटतं खरं. पण आपल्याकडच्या गॅरेजमध्ये कूलंट ‘बदलणं’ म्हणजे बहुतेक वेळा रेडिएटर रिकामा करून भरणं एवढंच असतं, आणि माझ्या मते फसगतीचं मूळ तिथेच आहे.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दख्खनच्या बोअरचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम तापल्यावर भांड्याच्या तळाला बसतो तसाच इंजिनच्या आत पांढऱ्या थराने बसतो. काही कूलंटांत गंज रोखण्यासाठी फॉस्फेट असतं आणि ते या कॅल्शियमशी मिळून आणखी साका धरतं. सर्वांत आधी तुंबतो तो हीटर, कारण त्याच्या नळ्या सर्वांत अरुंद. आणि पुणे-नाशिककर हीटर वर्षानुवर्षं लावत नसल्याने तो तुंबलाय हे कळतच नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरावं. घरच्या फिल्टरचं पाणी नळापेक्षा बरं, पण पर्याय नव्हे.

प्रकाराबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: रंगावर जाऊ नये. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपनीने ओतलेले असतात आणि त्यांना सर्वमान्य अर्थ नाही. फरक असतो गंज रोखणाऱ्या रसायनांत. जुन्या पद्धतीच्या कूलंटांत सिलिकेट, फॉस्फेटसारखे क्षार असतात. ते धातूवर पटकन थर धरतात आणि साधारण दोन वर्षांत संपतात. नव्यांत सेंद्रिय आम्लं असतात, ती सावकाश काम करतात आणि पाच वर्षं किंवा जास्त टिकतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत दोहोंचा मेळ असतो. जपानी आणि कोरियन कंपन्या सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट वापरतात, युरोपीय कंपन्यांचा कल सिलिकेटकडे. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र केली तर बहुतेकदा लगेच काही दिसत नाही, फक्त पाच वर्षांचं संरक्षण दोनवर येतं. क्वचित रसायनं एकमेकांत फाटून चिकट गाळ होतो, आणि तो गाळ कुठे जाऊन बसतो हे आता सांगायला नको. म्हणून पुस्तिकेत लिहिलेला दर्जा बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत शोधावा. रस्त्यात कमी पडलंच तर भलतं कूलंट टाकण्यापेक्षा थोडं डिस्टिल्ड पाणी टाकलेलं बरं. घरी आल्यावर प्रमाण सुधारता येतं, जात नाही.

हीटर हा खरं तर आपल्याला फुकट मिळालेला वैद्य आहे. चाळीस टक्के की पन्नास, एवढ्या फरकाने हीटरच्या ऊबेत हाताला जाणवेल असा बदल होत नाही. त्यामुळे हीटर गार पडला तर दोष टक्क्यांवर ढकलून मोकळं होऊ नये. काटा मध्यावर आणि हीटर गार, तर डॅशबोर्डमागे जाणारे दोन्ही पाइप जपून चाचपावे. एक कढत आणि दुसरा कोमट असेल तर हीटर तुंबलेला आहे. हीटर कधी गरम कधी गार होत असेल तर आत हवा अडकलेली आहे. नवं कूलंट भरल्यावर असं हमखास होतं. गाडीचं तोंड चढाला लावून, इंजिन थंड असताना कॅप उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवावं. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी आणि मग कॅप लावावी. तापलेल्या इंजिनची कॅप मात्र कधीही उघडू नये. कोंडलेला दाब सुटतो तसं आतलं पाणी उसळून थेट तोंडावर येतं.

आणि घाटात काटा चढत असताना हीटर पूर्ण गरमवर लावला आणि गरम वारा आला, तर थोडी उष्णता तिकडून बाहेर पडते आणि थांबायला जागा शोधण्याइतका वेळ मिळतो. काटा लाल आणि हीटर गार, असं मैदानी हवेत दिसलं तर आत द्रवच उरलेला नाही किंवा तो फिरत नाही. अशा वेळी पुढच्या ढाब्यापर्यंतही जाऊ नये. इंजिन तिथल्या तिथे बंद करावं. हेड गॅस्केट जायला काही मिनिटं पुरतात.

मित्राने परत आल्यावर सगळं पाणी काढून, धुऊन, साडेतीन लिटरच्या हिशेबाने पुन्हा भरून घेतलं आणि कूलंटसाठीचं रिफ्रॅक्टोमीटर विकत आणलं. काचेवर एक थेंब टाकून डोळ्याला लावलं की मिश्रण किती अंशांना गोठेल ते दिसतं. पहिल्या दिवशी त्याने थेंब घेतला तो शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून, आणि आकडा बघून खूश झाला. त्याच्या गाडीत त्या बाटलीतलं आणि इंजिनमधलं पाणी नीट मिसळतच नाही. थेंब रेडिएटरमधून घ्यावा, गाडी दोन दिवस चालवल्यावर आणि इंजिन पूर्ण थंड असताना.