सहा महिने बंद असलेलं धुणं-भांड्याचं यंत्र

एप्रिलमध्ये मुलांकडे अमेरिकेला जायचं आणि ऑक्टोबरमध्ये परतायचं, हा अनेक घरांचा क्रम झाला आहे. परतल्यावर बॅगांमधल्या कपड्यांचा ढीग आधी वॉशिंग मशीनमध्ये जातो, पहिल्या जेवणाची भांडी डिशवॉशरमध्ये. बटण दाबलं की नुसती घुरघुर ऐकू येते आणि पुढे काहीच हलत नाही. यंत्र जाताना तर चांगलं होतं!

बिघाडाचं मूळ बहुधा आत राहिलेल्या थोड्या पाण्यात असतं. ही यंत्रं कधीच पूर्ण कोरडी होत नाहीत. डिशवॉशरच्या तळाशी, जाळीखालच्या खळग्यात थोडं पाणी मुद्दाम राहतं. त्यामुळे पंपाचं सील ओलं राहतं. काही महिन्यांत ते आटतं, मागे क्षार आणि तेलकट साका उरतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हा थर आणखी कडक होतो. सील सुकून चिकटतं, पंप जागच्या जागी अडकतो. त्याला वीज मिळाली तर तो फिरत नाही, फक्त गुणगुणतो आणि तापतो.

म्हणून डिशवॉशर सुरू करण्याआधी तो भिजवायचा. प्लग काढून तळाची जाळी बाहेर काढा, धुऊन घ्या. खळग्यात दोनेक लिटर गरम, पण उकळतं नव्हे, असं पाणी ओता, जाळी परत बसवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग लावून आधी पाणी उपसून टाकणारी क्रिया चालवा, मग सर्वांत छोटा प्रोग्राम, भांडी न घालता. पाणी आत आल्यावर फवाऱ्याचा आवाज यायला हवा. पाणी आलं, गुणगुण सुरू झाली, पण फवारा नाही, तर लगेच बंद करा आणि पुन्हा भिजवा.

या पहिल्या फेरीत टॉर्च घेऊन यंत्राजवळ थांबावं. सुकलेलं सील ओलं होईपर्यंत दोन-चार थेंब गळू शकतात. दुसऱ्या फेरीतही गळती चालूच राहिली, तर सील गेलं असं धरा. अनेक मॉडेलमध्ये तळाच्या ट्रेमध्ये पाणी साठलं की आतला तरंगता खटका वर उचलला जातो; मग यंत्र प्रोग्राम सुरूच करत नाही, नुसतं पाणी उपसत राहतं. याचा अर्थ गळती आहे. यंत्राचं डोकं फिरलेलं नाही. मीठ घालायचं असेल तर प्रोग्राम सुरू करण्याच्या अगदी आधी घाला, कारण सांडलेलं खारं पाणी तसंच राहिलं तर स्टीलवर डाग पडतात.

समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये अडकतो तो बहुधा पाणी बाहेर टाकणारा पंप. खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडा. प्लग काढलेला असू द्या. तिथे बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून साठलेलं पाणी पसरट ताटात घ्या, मग फिल्टर फिरवून काढा. आत टॉर्च मारली की पंपाचा छोटा पंखा दिसतो. बोटाने किंवा लाकडी काडीने फिरवला की तो हिसके देत फिरतो. आत चुंबक असतो, म्हणून हे हिसके बसतात. तो बिघाड नाही. अजिबात हलला नाही, तर मात्र कोमट पाणी ओतून साका मऊ होऊ द्या. दाराच्या रबराच्या घडीत पावसाळ्यात काळी बुरशी धरते. ती पुसून, कपडे न घालता, 60 अंशांवर किंवा त्याहून गरम पाण्याची एक फेरी चालवा. ब्लीच आणि सायट्रिक ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

दोन गोष्टी दोन्ही यंत्रांना लागू आहेत. सोसायटीच्या टाकीतला गाळ नळात येऊन बसलेला असतो. पाइप जोडण्याआधी नळ बादलीत सोडून स्वच्छ पाणी येऊ द्या, नाहीतर आत जाणाऱ्या पाण्याची बारीक जाळी तुंबते. आणि यंत्राखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या, तर वायर तपासल्याशिवाय प्लग लावू नका. सुरू करताच घराचा सुरक्षा स्विच पडला तर तो पुन्हापुन्हा वर करू नका; हीटरमध्ये ओल शिरली असेल किंवा वायर उघडी पडली असेल. हे काम मेकॅनिकचंच.

मेकॅनिक आला की ‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगू नका. पाणी आत येतं का, गुणगुण होते का, पाणी बाहेर जातं का, हे तिन्ही सांगा. गुणगुण होते, म्हणजे पंपापर्यंत वीज पोहोचते आहे. मग नवा पंप टाकण्याआधी, जुना उघडून फक्त अडकला आहे का ते आपल्यासमोर बघायला सांगा.