स्क्रीनशॉट आला, सोबत शब्द नाही

सकाळी पावणेसातला मावशीकडून व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही नाही. त्यांच्या सोसायटीच्या फेसबुक ग्रुपवरची पोस्ट होती: ‘सहलीला महिना होऊन गेला. हिशोब अजून आलेला नाही. पैसे सगळ्यांचे असतात, काहींना हे लक्षात राहत नाही असं दिसतं.’ पुढे दोन जोडलेले हात. ज्येष्ठ नागरिकांची ही सहल मावशीनेच काढली होती. ३२ जणांची वर्गणी तिच्याकडे जमा झाली होती आणि हिशोबाची वही मीच तिला मांडून दिली होती.

त्यामुळे चहा होईपर्यंत मी उत्तर लिहूनही टाकलं. बसचे किती, जेवणाचे किती, उरले किती, अशा चांगल्या आठ ओळी. पाच मिनिटांत तिचा फोन आला. “हे टाकलं तर मी खरंच पैसे खाल्ले होते असं वाटेल सगळ्यांना. मला उत्तर नकोय. एवढंच सांग, ते मला टोमणा मारतायत का?”

बिनशब्दांचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तीनपैकी एक प्रश्न असतो. हे खरं आहे का? याला काय उत्तर देऊ? की, या बोलण्याचा रोख कुणाकडे आहे, मला लागलंय ते बरोबर आहे का? तिसरा प्रश्न विचारायला माणूस सर्वांत जास्त संकोचतो, आणि शब्द नसतात ते बरेचदा त्यामुळेच.

मी जरा थांबून ते चित्र पाहिलं असतं तर तिचा प्रश्न मला त्यातच दिसला असता. फोनच्या वरच्या पट्टीवर वेळ होती 12:50. पोस्टवर लिहिणाऱ्याच्या नावाखाली `3h`. म्हणजे पोस्ट रात्री नऊ-दहाच्या दरम्यान पडलेली, मावशीने ती मध्यरात्रीनंतर पाहिलेली आणि मला पाठवली सकाळी. सहा तास तिने तो फोटो उराशी धरला होता. खरंखोटं पडताळायचं असेल तर माणूस इतका थांबत नाही. कापायची पद्धतही बोलते. दाव्यापुरता मजकूर कापून पाठवला असेल तर बहुधा खरेपणाची शंका असते. इथे लिहिणाऱ्याचं नाव, फोटो, खालचे अंगठे, सगळं ठेवलं होतं. तिचं लक्ष कुणी लिहिलं आणि कुणी दुजोरा दिला याकडे होतं. आणि उत्तर हवं असतं तेव्हा चित्रात कितीदा तरी कीबोर्ड उघडा असतो, कमेंटच्या चौकटीत ‘अहो काका, तुम्ही’ असं काहीतरी अर्धवट टाइप केलेलं असतं. इथे ते नव्हतं.

ही सगळी अनुमानंच. म्हणून एक साधा प्रश्न विचारावा: “हे वाचून तुला काय वाटलं?” ‘तुला काय हवंय’ असं विचारलं की समोरचा ‘काही नाही, सहज पाठवलं’ म्हणून माघार घेतो. काय वाटलं ते मात्र सांगतो.

एका प्रकारात विचारत बसू नये. चित्रात पैसे, औषध, सरकारी फॉर्म किंवा एखाद्या अनोळखी माणसावरचा आरोप असेल तर आधी पडताळणी, बाकीचं नंतर. लाडकी बहीण योजनेच्या नावाने फॉर्म भरायला सांगणारी पोस्ट असेल तर चित्रातला पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचं शेवटचं टोक `.gov.in` असलं पाहिजे, `gov` आणि `in` यांच्यामध्ये टिंबच हवं. टिंबाच्या जागी आडवी रेघ दिसली की तो पत्ता सरकारी नाही.

स्क्रीनशॉटची आणखी एक अडचण आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी त्या वर्षी देशात असे अनेक बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. फार फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूणही आली. पण अशा संदेशाचा कुणी स्क्रीनशॉट काढला की तो नवा फोटो होतो आणि ती खूण गळून पडते. दहा हजार हातांतून आलेली गोष्ट शेजारणीने आत्ताच काढलेल्या फोटोसारखी दिसते. शिवाय कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडलेल्या पोस्टमधले शब्द दोन मिनिटांत बदलून फोटो काढता येतो, त्याला फोटोशॉप लागत नाही. म्हणून चित्र हा पुरावा धरू नये. त्यातलं एखादं वेगळं वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधावं, लिहिणाऱ्याच्या खात्यावर जाऊन मूळ पोस्ट आहे का ते पाहावं.

मूळ पोस्ट पाहण्याचा हा नियम खरंखोटं करताना जितका लागतो तितकाच रोख ओळखताना लागतो, हे मला मावशीच्याच प्रकरणात उमगलं. चित्र परत नीट पाहिलं तर जोडलेल्या हातांनंतर तीन टिंबं होती आणि पुसट अक्षरांत `See more`. पोस्ट तिथे संपलेलीच नव्हती. मावशीने ते दाबलं नव्हतं, मीही बघितलं नव्हतं. मी तिला उरलेला मजकूर पाठवायला सांगितला. पुढे होतं: ‘दिवाळीच्या वर्गणीचाही हिशोब आलेला नाही, आणि लिफ्टच्या दुरुस्तीचाही. तिन्ही एकदम बोर्डावर लावावेत ही विनंती.’

दिवाळीची वर्गणी आणि लिफ्ट यांच्याशी मावशीचा काही संबंध नव्हता. ‘काहींना’ या शब्दाने तिला रात्रभर झोप लागू दिली नव्हती. मराठीत हा शब्द फार टोचतो, कारण नाव घेतलं नाही तरी ज्याचं त्याला कळावं अशीच त्याची योजना असते. पण काही माणसं तो सवयीनेही वापरतात. म्हणून मी या गृहस्थांच्या जुन्या दोन-तीन पोस्टही मागवल्या. कचऱ्याच्या डब्याबद्दल ‘काहींना समजत नाही’, पार्किंगबद्दल ‘काहींना सांगून उपयोग नाही’, आणि प्रत्येकीच्या शेवटी हात जोडलेले. एकाच माणसाची तीन-चार लिखाणं शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा सूर कळत नाही. ते हात काहींच्या लेखी नमस्कार असतात, काहींच्या लेखी ‘पुरे आता’, आणि या काकांच्या लेखी नुसता पूर्णविराम.

तरी ‘तुला नाहीच बोलले’ असं मी तिला सांगितलं नाही. सहलीचा उल्लेख पहिला होता आणि हिशोब खरोखर राहिला होता. मी म्हटलं, “थोडा रोख आहे, पण चोरीचा नाही, उशिराचा आहे. आणि तू एकटी नाहीस त्यात.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “उशीर झालाय खरा.”

त्यानंतर उत्तर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. माझ्या आठ ओळींतलं त्यात काही राहिलं नाही: ‘सहलीचा हिशोब सोमवारी बोर्डावर लावते. उशीर झाला, क्षमस्व.’ शेवटी हात जोडायचे का, यावर मात्र ती अडली आणि शेवटी नाही जोडले. सोमवारी तिने पुन्हा एक फोटो पाठवला, बोर्डावरच्या कागदाचा. या वेळी खाली लिहिलं होतं, “बेरीज एकदा बघून घे.”