डिचोली-पेडणे वाटेवरच्या मालाचा हिशेब

डिचोलीच्या बाजारात मुख्य दुकान आणि पेडण्यात शाखा असलेला भांड्यांचा एक व्यापारी कल्पावा. शाखा स्वतंत्र आहे, म्हणजे तिची किर्द-खतावणी तिच्याकडेच असते. डिचोलीच्या वहीत ‘पेडणे शाखा’ हे खाते असते आणि पेडण्याच्या वहीत ‘मुख्य कार्यालय’ हे. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू असल्याने पहिल्याची नावे बाकी आणि दुसऱ्याची जमा बाकी सारखी यायला हवी. ३१ मार्चला मात्र डिचोलीत ३,६०,००० रुपये नावे दिसतात आणि पेडण्यात २,९५,००० रुपये जमा.

६५,००० रुपयांचा हा फरक चोरीचा असेलच असे नाही. तो शोधण्यासाठी मार्चअखेरच्या व एप्रिलारंभीच्या नोंदी चलनांशी ताडून पाहाव्या लागतात. डिचोलीहून ३१ मार्चच्या सायंकाळी निघालेला ४०,००० रुपयांचा माल पेडण्यात १ एप्रिलला उतरला. त्याच सायंकाळी पेडण्याने पाठवलेली २५,००० रुपयांची रोकड डिचोलीच्या किर्दीत २ एप्रिलला चढली. दोन्ही व्यवहार पाठवणाऱ्याने नोंदले, घेणाऱ्याने नाही.

वर्षअखेरीस डिचोलीच्या वहीत ‘मार्गस्थ माल’ ४०,००० रुपयांनी व ‘मार्गस्थ रोकड’ २५,००० रुपयांनी नावे टाकून ‘पेडणे शाखा’ खाते ६५,००० रुपयांनी जमा केले की तिथेही २,९५,००० रुपये उरतात. मार्गस्थ मालाची नोंद पेडण्याच्या वहीतही करता येते; पण दोन्हीकडे केल्यास तोच माल दोनदा मोजला जाईल.

नोंद न करता फरक ‘अनामत’ खात्यात ढकलण्याची सवय महागात पडते. ३१ मार्चच्या साठामोजणीत तो माल ना डिचोलीच्या गोदामात सापडतो, ना पेडण्याच्या. डिचोलीने मात्र तो पाठवला म्हणून आपल्या साठ्यातून वजा केलेला असतो. परिणामी एकत्रित नफा ४०,००० रुपयांनी कमी दिसतो. रोकड राहून गेल्यास नफ्याला धक्का लागत नाही, पण ताळेबंदातील रोकड २५,००० रुपयांनी तोकडी दिसते.

आकडे जुळले म्हणून वही मिटावी, हाही घाईचा निर्णय. शाखेच्या फर्निचरचे खाते डिचोलीच्या वहीत असेल, तर त्यावरील समजा ३,००० रुपयांचा घसारा दोन्हीकडे राहून गेलेला असू शकतो, आणि दोन्हीकडे राहिलेली चूक बाक्यांच्या तुलनेत दिसतच नाही. अशा वेळी पेडण्याने घसारा नावे टाकून ‘मुख्य कार्यालय’ खाते जमा करायचे. डिचोलीने ‘पेडणे शाखा’ नावे टाकून फर्निचर खाते जमा करायचे. दोन्ही बाक्या २,९८,००० रुपये होतात.

त्यानंतरच एकत्रीकरण करावे. ही दोन खाती परस्परांत वजा होऊन नाहीशी होतात आणि मार्गस्थ माल व रोकड ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला राहतात. एप्रिलमध्ये माल उतरला, रोकड पोचली की त्या खात्यांच्या बाक्या शून्य व्हायला हव्यात. महिना उलटूनही त्या तशाच राहिल्या, तर मालाची पोच कोणी घेतली याची विचारणा पेडण्यात करावी लागते आणि रोकडीची डिचोलीत.