बाराचे पाच करणारी कॉइल

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘बक कन्व्हर्टर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा काउंटरवर एक निळी पाटी येते. आकाराने काडेपेटीहून लहान. तिच्यावर पाच पायांची एक काळी चिप, दोन उभे कपॅसिटर, एक डायोड, व्होल्टेज जुळवायला पितळी स्क्रूचा छोटा प्रीसेट आणि मधोमध एक जाडजूड कॉइल. कॉइलच्या डोक्यावर ‘३३०’ किंवा ‘४७०’ असा आकडा छापलेला असतो. चिपवर एलएम२५९६ लिहिलेलं असतं. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून फोन चार्ज करायचा, राऊटर चालवायचा किंवा सौर पॅनेलच्या बॅटरीवर एखादा छोटा कॅमेरा लावायचा, तर हीच पाटी कामाला येते.

बाराचे पाच करण्याची जुनी रीत वेगळी होती. ७८०५ नावाचा रेग्युलेटर मधले सात व्होल्ट सरळ स्वतःच्या अंगावर घेतो. एक अँपिअरचा भार असेल, तर फोनला पाच वॅट मिळतात आणि रेग्युलेटर सात वॅटची उष्णता करतो. बोट टेकवलं तर चटका बसतो.

बक कन्व्हर्टर काहीच अडवून धरत नाही. चिपमधला स्विच बारा व्होल्ट कॉइलला पूर्ण जोडतो, मग पूर्ण तोडतो, पुन्हा जोडतो. एलएम२५९६ मध्ये हे सेकंदाला दीड लाख वेळा घडतं, म्हणजे एक फेरी साधारण ६.६७ मायक्रोसेकंदांची. फेरीतला जेवढा भाग स्विच चालू राहतो, त्याला ड्युटी रेशो म्हणतात आणि तो D या अक्षराने लिहितात. पाच व्होल्ट हवे असतील तर हा D किती लागेल, आणि कॉइलमधला प्रवाह त्या वेळात किती वर-खाली होईल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कॉइलच्या एकाच स्वभावात आहेत.

कॉइलमधला प्रवाह एकदम बदलत नाही. कुंभाराचं चाक आठवावं. काठीने रेटा दिला की ते हळूहळू वेग घेतं, काठी काढली तरी फिरत राहतं आणि मग सावकाश मंदावतं. कॉइलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज हा तिचा रेटा. तो जितका मोठा आणि जितका वेळ टिकेल, तितका प्रवाह वाढतो. रेटा उलटा झाला की प्रवाह त्याच हिशोबाने उतरतो. म्हणून कॉइलच्या बाबतीत व्होल्टेज गुणिले वेळ हीच मोजण्याची खरी वस्तू, आणि तिचं नावही तसंच सरळ आहे: व्होल्ट-सेकंद. या व्होल्ट-सेकंदांना कॉइलच्या हेन्रींनी भागलं की प्रवाह किती अँपिअरने बदलला ते मिळतं.

आता निळ्या पाटीकडे परत. कॉइलचं एक टोक स्विचकडे, दुसरं टोक पाच व्होल्टच्या बाजूला. स्विच चालू असताना एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला ५, म्हणजे कॉइलवर ७ व्होल्ट, प्रवाह चढतो. स्विच तुटला तरी प्रवाह थांबायला तयार नसतो. तो डायोडमधून वाट काढतो, त्यामुळे स्विचकडचं टोक शून्याजवळ येतं आणि कॉइलवर उलटे ५ व्होल्ट पडतात, प्रवाह उतरतो.

पाटी सुरू होऊन स्थिरावली आहे, भार बदलत नाही, अशा वेळी प्रत्येक फेरी आधीच्या फेरीची हुबेहूब नक्कल असते. फेरीच्या सुरुवातीला कॉइलमध्ये जितका प्रवाह होता, तितकाच शेवटी असला पाहिजे. म्हणजे चढताना मिळालेले व्होल्ट-सेकंद आणि उतरताना गेलेले व्होल्ट-सेकंद सारखेच. ७ गुणिले चालू वेळ बरोबर ५ गुणिले बंद वेळ. अक्षरांत मांडलं तर:

```
(Vin − Vout) × D = Vout × (1 − D)
Vout = D × Vin
```

बाराचे पाच करायचे, तर D = ५/१२, म्हणजे ०.४१७. ६.६७ मायक्रोसेकंदांपैकी २.७८ चालू, ३.८९ बंद. ताळा करून बघता येतो: ७ गुणिले २.७८ म्हणजे सुमारे १९.४, आणि ५ गुणिले ३.८९ म्हणजेही १९.४. आलेखाच्या कागदावर काढलं तर शून्याच्या रेषेवर एक उंच-अरुंद आयत आणि खाली एक बुटका-रुंद आयत दिसतो. दोघांचं क्षेत्रफळ एकच.

विशेष म्हणजे या सूत्रात कॉइलच्या आकड्याला जागाच नाही, आणि भाराच्या अँपिअरलाही नाही.

हा समतोल साध्या मल्टिमीटरनेही दिसतो. पाटीवर भार लावून मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा आणि दोन टोकं कॉइलच्या दोन पायांना लावावीत. तिथे दर फेरीला सात व्होल्ट सुलटे आणि पाच व्होल्ट उलटे पडत असतात, तरी मीटर जवळपास शून्य दाखवतो, कारण तो सरासरी मोजतो. थोडेसे मिलिव्होल्ट दिसतात ते कॉइलच्या तांब्याच्या तारेच्या रोधामुळे.

समतोल बिघडला तर? समजा D तोच आहे, पण फोन जोडल्यामुळे क्षणभर बाहेरचं व्होल्टेज ४ वर घसरलं. आता चढताना कॉइलवर ८ व्होल्ट, उतरताना फक्त ४. जमा २२.२, खर्च १५.६. दर फेरीला ६.६ व्होल्ट-मायक्रोसेकंद शिल्लक राहतात आणि ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये त्यातून ०.२ अँपिअर वाढतो. पुढच्या फेरीला आणखी वाढतो. हा वाढीव प्रवाह बाहेरच्या कपॅसिटरमध्ये साठतो, व्होल्टेज वर ढकलतो, आणि थोड्या हेलकाव्यांनंतर पाचावर येऊन जमा-खर्च जुळतो. पाच व्होल्ट ही या पाटीची विसावण्याची एकमेव जागा आहे, ती अशी.

अर्थात खरी पाटी कागदावरच्या पाटीसारखी वागत नाही. एलएम२५९६ च्या आतला स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर आहे. दोन अँपिअरला तो सुमारे एक व्होल्ट स्वतःकडे ठेवतो आणि डायोड अर्धा व्होल्ट खातो. मग चढताना कॉइलवर सातऐवजी ६ व्होल्ट आणि उतरताना पाचऐवजी ५.५. तोच समतोल पुन्हा मांडला की D ०.४१७ ऐवजी ०.४८ च्या आसपास येतो. चिप बाहेरचं व्होल्टेज सतत तपासून D स्वतःच वाढवते, म्हणून वापरणाऱ्याला फरक कळत नाही. ऑसिलोस्कोपवर मात्र चालू वेळ अपेक्षेपेक्षा लांब दिसते, आणि शिकाऊ माणूस तिथेच गोंधळतो.

आता कॉइलमधला प्रवाह किती वर-खाली होतो ते बघू. या चढउताराला रिपल म्हणतात आणि इथे कॉइलचा आकडा लागतो. ‘३३०’ म्हणजे तीनशे तीस नव्हे. पहिले दोन अंक ३३, तिसरा अंक पुढे किती शून्यं ते सांगतो. म्हणजे ३३ मायक्रोहेन्री. चढत्या भागाचे १९.४ व्होल्ट-मायक्रोसेकंद भागिले ३३ म्हणजे ०.५९ अँपिअर. फोन २ अँपिअर घेत असेल, तर कॉइलमधला प्रवाह १.७ पासून २.३ पर्यंत करवतीच्या दात्यांसारखा चढतो-उतरतो. सरासरी दोन. मधली चढउतार कपॅसिटर सोसतो.

गाडीचं इंजिन चालू झालं की बॅटरीचे टर्मिनल साधारण १४ व्होल्टपर्यंत जातात. D कमी होऊन ०.३५७ होतो, पण बंद वेळ लांबते आणि रिपल ०.५९ वरून ०.६५ वर जातो. चालू वेळ घटली म्हणजे चढउतारही घटेल असा अंदाज इथे चुकतो.

Vout = D × Vin या सूत्रालाही एक हद्द आहे. भार कमी करत नेला तर करवतीचे दाते खाली सरकतात, त्यांची उंची तीच राहते. भार रिपलच्या निम्म्यावर, म्हणजे ०.३ अँपिअरच्या खाली गेला की दात्यांची टोकं शून्याला टेकतात. डायोड प्रवाह उलटा जाऊ देत नाही, म्हणून फेरीच्या शेवटी काही वेळ कॉइलमध्ये काहीच वाहत नाही. त्या रिकाम्या वेळात कॉइलवर ना सात व्होल्ट, ना उलटे पाच. व्होल्ट-सेकंदांचा समतोल तेव्हाही राहतो, पण फेरीचे दोनऐवजी तीन तुकडे होतात आणि सोपं सूत्र लागू पडत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत D कायम ठेवून बक कन्व्हर्टर जोडणारी मुलं इथे हमखास अडकतात. भार काढला की पाच व्होल्टचे सहा, आठ, जवळजवळ बारासुद्धा होतात आणि जोडणी चुकली असं वाटतं. जोडणी ठीक असते. स्कोपवर स्विचकडच्या टोकाला, डायोड बंद झाल्यानंतर, विझत जाणारी लहरी थरथर दिसली की प्रवाह शून्याला टेकल्याची खूण मिळाली.

स्वस्तात मिळणाऱ्या पाट्यांचं दुखणं याच हिशोबातून पकडता येतं. अशा काही पाट्यांवरच्या चिपवर एलएम२५९६ छापलेलं असतं, पण ती दीड लाखाऐवजी सेकंदाला साधारण पन्नास हजार फेऱ्याच करते. त्याच घराण्यातली जुनी एलएम२५७६ ही ५२ किलोहर्ट्झवर चालते. ही नक्कल मल्टिमीटरला सापडत नाही. D तोच, म्हणून बाहेर पाच व्होल्ट अगदी बरोबर येतात.

पण फेरी आता २० मायक्रोसेकंदांची झाली. चालू वेळ ८.३, व्होल्ट-मायक्रोसेकंद ५८. त्याच ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये रिपल १.७७ अँपिअर. अडीच अँपिअरच्या भाराला दात्याचं टोक ३.४ अँपिअरच्या जवळ पोहोचतं. तीन अँपिअर म्हणून विकलेल्या लहान कॉइलचा गाभा तिथे संपृक्त व्हायला लागतो, म्हणजे चुंबकत्व आणखी साठवायला त्यात जागा उरत नाही. ३३ चे २० झाले, की प्रवाह आणखी उभा चढतो आणि सरळ दाता टोकाशी वर वाकतो. कॉइल तापते. बाहेरच्या कपॅसिटरचा आतला रोध ०.१ ओहम धरला तर पाच व्होल्टवरची लहर ६० मिलिव्होल्टऐवजी जवळपास १८० होते, आणि त्यावर चालणाऱ्या रेडिओत किंवा कॅमेऱ्यात गडबड उमटते.

हे तपासायला पाटी उघडावी लागत नाही. स्कोपचं टोक डायोड आणि कॉइल जिथे जोडलेत तिथे टेकवायचं आणि एका फेरीची लांबी मोजायची. ६.७ मायक्रोसेकंदांच्या आसपास असेल तर चिप नावाला जागते आहे. २० च्या आसपास असेल, तर तिच्यावर दोन अँपिअरहून जास्त भार टाकू नये. तीच चिप वापरायचीच असेल आणि रिपल पूर्ववत ०.५९ वर आणायचा असेल, तर ५८ भागिले ०.५९, म्हणजे शंभर मायक्रोहेन्रीच्या जवळची कॉइल लागते. दुकानात ती ‘१०१’ छापलेली मिळते. घेताना ती किती अँपिअरला संपृक्त होते तेही विचारावं, कारण ३३० च्या जागी मावेल एवढी छोटी १०१ ची कॉइल तीन अँपिअर सहसा पेलत नाही.