३१ जानेवारीला कर्ज, मग पुढचा हप्ता कधी?

समजा, एका पतसंस्थेने हप्त्यांच्या तारखा ठरवणारी संगणक प्रणाली नव्याने करून घेतली. एका सभासदाला ३१ जानेवारी २०२३ रोजी कर्ज मिळाले. हप्ता दर महिन्याला भरायचा, एवढेच कागदावर आहे. फेब्रुवारीत ३१ तारीख नसते, मग पहिला हप्ता कोणत्या दिवशी? हे कुठेच लिहिलेले नाही. प्रणाली तपासणाऱ्या परीक्षकासमोर पडद्यावर ३ मार्च ही तारीख आली, तर तिला चूक म्हणायचे कशाच्या आधारावर?

लेखी नियम नसतानाही आधार असतात. जेम्स बाख आणि मायकेल बोल्टन या सॉफ्टवेअर परीक्षकांनी त्यांची यादीच मांडली आहे. उत्पादन स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी, त्यासारख्या इतर उत्पादनांशी आणि वापरणाऱ्यांच्या अपेक्षेशी जुळते का, हे त्यातले तीन महत्त्वाचे प्रश्न.

सुरुवात जुन्या आवृत्तीपासून करणे सोयीचे. तीच कर्जे जुन्या आणि नव्या प्रणालीत घालायची आणि तारखा शेजारी शेजारी लावून पाहायच्या. १५ तारखेच्या कर्जातून फारसे काही कळणार नाही. निवडायच्या त्या अडचणीच्या तारखा: ३० आणि ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, लीप वर्षातली २९ फेब्रुवारी, ३१ ऑगस्ट. आपल्या उदाहरणात जुनी प्रणाली २८ फेब्रुवारी, मग २८ मार्च, मग २८ एप्रिल दाखवते असे धरू. प्रत्येक हप्ता ती मागच्या हप्त्यावरून मोजते, म्हणून फेब्रुवारीत एकदा मागे आलेली तारीख पुन्हा महिनाअखेरीला पोहोचतच नाही. नव्या आणि जुन्या उत्तरांत फरक दिसला म्हणजे नवे चुकले, असे नाही. तिथे विचारायला हवे, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्याच जातीची इतर उत्पादने पाहू. एक्सेलमध्ये हे सूत्र लिहिले, की २८ फेब्रुवारी २०२३ मिळते:

```
=EDATE(DATE(2023,1,31),1)
```

MySQL हा डेटाबेसही तेच उत्तर देतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र महिना एकाने वाढवला, तर नसलेली ३१ फेब्रुवारी पुढे सरकून ३ मार्च होते. ओरॅकलच्या ADD_MONTHS चा नियम आणखी वेगळा आहे. दिलेली तारीख महिन्यातली शेवटची असेल, तर उत्तरही शेवटचीच तारीख येते. त्यामुळे २८ फेब्रुवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवला की एक्सेल २८ मार्च सांगते आणि ओरॅकल ३१ मार्च. दोन्ही नामांकित, दोन्ही आपापल्या नियमाला धरून. म्हणजे तुलनेतून पर्याय कळतात, निवाडा मिळत नाही.

तुलनेचा आधार किती फसवा असू शकतो, हे एक्सेलच्याच एका जुन्या गोष्टीतून दिसते. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरले होते. १९०० ला ४०० ने भाग जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हते. पण लोटसच्या फायली एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलमध्ये ६० या आकड्याला तारखेचे रूप दिले, की कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० दिसते. आता ती दुरुस्त केली, तर लोकांच्या फायलींतल्या जवळपास सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील. कॅलेंडरशी तुलना केली तर ही चूक ठरते. लोटसशी आणि एक्सेलच्या स्वतःच्या इतिहासाशी तुलना केली, तर हेच अपेक्षित उत्तर.

पतसंस्थेच्या प्रश्नात वजन पडते ते वापरणाऱ्यांचे. ३ मार्चचा पर्याय घेतला, तर फेब्रुवारीत एकही हप्ता येत नाही. पुढचा हप्ता मूळ तारखेवरून मोजला तर तो ३१ मार्चला येतो, म्हणजे मार्चमध्ये दोन. ‘दर महिन्याला एक’ ही कर्जदाराची साधी समजूत इथेच मोडते. जुन्या प्रणालीच्या २८ मार्चलाही आक्षेप आहे. ज्याचा पगार महिनाअखेरीला जमा होतो, त्याच्या खात्यात २८ तारखेला पैसे नसण्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक हप्ता मूळ तारखेवरून मोजला आणि तारीख नसेल तिथे महिन्याचा शेवटचा दिवस घेतला, तर २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल अशी मालिका मिळते. तीन पर्यायांत हीच कर्जदाराच्या हिशेबाला सर्वांत जवळची आहे.

तरीही जुन्या कर्जांना ती सरसकट लावता येणार नाही. त्या सभासदांच्या हातात २८ तारखेचे छापील वेळापत्रक आहे, व्याजाचे दिवसही त्यावरूनच मोजले गेले आहेत. म्हणून परीक्षकाने अहवालात नुसते ‘चूक’ लिहून थांबू नये. दिलेली तारीख, आलेले उत्तर, जुन्या प्रणालीचे उत्तर, इतर उत्पादनांची उत्तरे आणि सभासदाला होणारी अडचण हे सगळे नोंदवून निर्णय संस्थेकडे मागावा. संस्थेने तो दिला, की तो लेखी नियमात उतरवून घ्यावा आणि ३१ जानेवारीची ही चाचणी पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर चालवावी.