काट्यावर न दिसणारी उपासमार

कबड्डीच्या किशोर-किशोरी गटात वयाबरोबर वजनाचीही अट असते. निवड चाचणी जवळ आली की काही मुलंमुली रात्रीचं जेवण टाळतात, उन्हात स्वेटर घालून पळतात, पाणीही मोजून पितात. हा प्रकार वाईट आहे, पण निदान सगळ्यांना दिसतो आणि आठवडाभरात संपतो. त्याहून जास्त नुकसान करते ती वर्षभर चालणारी, कुणीच ठरवून न केलेली उपासमार. घरात धान्य आहे, मुलगी दोन्ही वेळा जेवते आहे, वजनही घटलेलं नाही. तरी तिच्या शरीराला रोज काही शे कॅलरी कमी पडत असतात.

आधी वाढीचं गणित पाहू. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलांचा हा काळ सुमारे दोन वर्षांनी उशिरा येतो आणि वेग थोडा जास्त असतो. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. म्हणून घरात पहिली तक्रार येते ती बुटांची. उंची-वजनाच्या या प्रत्यक्ष भरीला मात्र वाटते तेवढी ऊर्जा लागत नाही. वाढ ऐन भरात असतानाही ती दिवसाला साधारण शंभर कॅलरींच्या आतच असते. खरा खर्च असतो तो वाढलेलं शरीर चालवण्याचा आणि त्यावर रोजच्या सरावाचा. त्यातून वाढीसाठी उरतं ते थोडंसंच, आणि तंगी आली की पहिली कात्री त्यालाच लागते.

शाळेकडून कबड्डी खेळणारी चौदा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वजन ४५ किलो. त्यातली चरबी वजा केली तर स्नायू, हाडं आणि अवयव मिळून ३६ किलो भरतील. पहाटे चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं घेऊन ती मैदानावर जाते: १५० कॅलरी. मधल्या सुट्टीत डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी: ३२०. घरी आल्यावर वरण-भात, ३००. संध्याकाळी चहाबरोबर वाटीभर पोहे, २३०. रात्री दोन भाकरी आणि पिठलं, ४५०. बेरीज १,४५०. कोणत्याही आईला हे जेवण पुरेसं वाटेल, आणि दिवसभर बाकावर बसणाऱ्या मुलीचं कदाचित निभावेलही.

पण ही मुलगी दीड-दोन तासांच्या सरावात ४५० कॅलरी खर्च करते. उरल्या १,०००. त्याला ३६ ने भागलं तर किलोमागे जेमतेम २८ येतात. क्रीडावैद्यकात या आकड्याला ‘ऊर्जा उपलब्धता’ म्हणतात: खेळाचा खर्च वजा जाता शरीर चालवायला उरलेली ऊर्जा. ती ४५ च्या आसपास असली की शरीराचं सगळं सुरळीत चालतं. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिली तर बिघाड सुरू होण्याची शक्यता वाढते. हे आकडे मुख्यतः तरुण स्त्रियांवरच्या प्रयोगांतून आले आहेत. त्यामुळे ३० ही काटेकोर रेघ नव्हे. वाढत्या वयात आणि मुलांमध्ये ती वेगळी असू शकते. अंदाज बांधायला मात्र एवढं पुरतं. या हिशोबाने मुलीला साधारण २,०७० कॅलरी हव्यात, म्हणजे रोज सहाशेची तूट आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने तर या वयाच्या मुलींसाठी २,४०० आणि मुलांसाठी २,८६० कॅलरी धरल्या आहेत.

तूट भरून काढायला शरीर वजनाला हात लावतंच असं नाही. आधी ते खर्च आवरतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून बीजांडांकडे जाणारे संदेश मंदावतात, पाळी लांबते किंवा थांबते. थायरॉइडचं काम हळू होतं, हातपाय गार पडतात, थकवा येतो. वाढीला चालना देणारी संप्रेरकं घटतात. वजन तेवढंच राहतं, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण चौदाव्या वर्षी सहा महिने वजन ‘तेवढंच’ असणं हीच तर घट आहे, कारण या काळात ते वाढायला हवं होतं. मैदानावर मात्र याचं निदान ‘आळशी झाली’ असं होतं आणि उपाय म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावतात!

सगळ्यांत महाग पडतं ते हाड. प्रौढ हाडातल्या खनिजांपैकी जवळजवळ पाव भाग उंची सर्वांत वेगाने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत साठतो. त्यातही हाडाची लांबी आधी वाढते आणि भरीवपणा काही महिन्यांनी येतो, त्यामुळे मधल्या काळात ते तसंही नाजूक असतं. नेमकं तेव्हाच अन्न कमी पडलं की नडगीला बारीक तडा जाऊ शकतो. हा तडा ओळखायची एक खूण आहे. दुखरी जागा बोटाने नेमकी दाखवता येते, तिथे दाबलं की कळ येते आणि पळताना दुखणं वाढत जातं. वाढत्या वयात रात्री दोन्ही पायांत येणारी आणि सकाळी विरणारी ठणक वेगळी.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. पण आधी येणारी पाळी तीन महिने आलीच नाही किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायला हवं. इथे एक समजूत फार घात करते: ‘स्पर्धेच्या हंगामात पाळी नाही, बरंच झालं!’ गोळ्या देऊन रक्तस्राव सुरू केला तरी मूळ तूट तशीच राहते आणि हाडांना त्याचा आधार मिळत नाही. थायरॉइड, पीसीओएस, गर्भधारणा अशी इतर कारणंही तपासावी लागतात, म्हणून घरच्या घरी निष्कर्ष काढून बसू नये.

मुलांमध्ये पाळीसारखी उघड खूण नसते. म्हणून कुस्तीच्या वजनगटात राहायला जेवण तोडणारा किंवा लांब पल्ल्याचं धावणारा मुलगा आणखी उशिरा लक्षात येतो. वारंवार दुखापत, लांबलेलं सर्दी-पडसं, चिडचिड, रेंगाळलेली उंची असे धागे जोडत बसावे लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या विकाराच्या व्याख्येत पुरुष खेळाडूंनाही घेतलं. तोवर ही बायकांचीच तक्रार मानली जाई. घरी करण्यासारखी सोपी गोष्ट म्हणजे दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन तारखेसह वहीत टिपणं.

सहाशे कॅलरी म्हणजे एक केळं, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध, तूप लावलेली एक जास्तीची पोळी आणि गुळाचा खडा. अडचण असते वेळेची. पहाटे भूक नसते आणि जोरदार सरावानंतर काही काळ ती मरते, म्हणून ‘भूक लागेल तेव्हा खा’ हा सल्ला इथे फसतो. केळं सरावाच्या आधी आणि दूध-शेंगदाणे मैदानावरून परतताच, असं ठरवूनच द्यावं लागतं. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या मुलीचा सराव त्या काळात कमी करावा. प्रोटीन पावडरचा डबा इथे कामाचा नाही. कमी पडतं आहे ते एकूण अन्न.

जेवण वाढवल्यावर उत्साह काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत परततो. पाळीला कित्येक महिने लागतात. हाडं सावरायला वर्षं जातात, आणि त्या दोन वर्षांत जे साठायचं राहिलं ते पुढे पूर्ण भरून निघेलच, याची खात्री डॉक्टरही देत नाहीत.