प्रेस थांबवायची कोणी?

“मशीन डबल मारतंय.” प्रेस शॉपमध्ये हे वाक्य कानावर पडले की अनुभवी ऑपरेटरचा हात आपोआप मागे येतो. पॉवर प्रेसचे बटण एकदा दाबले, की डायचा वरचा भाग घेऊन येणारा जड रॅम एकदाच खाली यावा, पत्र्याला आकार द्यावा आणि वर जाऊन थांबावा, अशी रचना असते. क्लच किंवा ब्रेक झिजला, एखादी स्प्रिंग तुटली, तर रॅम वर थांबत नाही. कोणी बटण न दाबताच तो पुन्हा खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी ऑपरेटरचा हात तयार पार्ट काढायला आत गेलेला असतो.

वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. गुरुग्राम-मानेसरच्या पट्ट्यात आणि पुढे पुण्याच्या परिसरात या संस्थेला भेटलेल्या कामगारांमध्ये बोटे गमावलेले अनेक आहेत. अशा दुखापती करणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेसचे नाव सर्वांत वर येते.

प्रेस डबल मारण्याआधी अनेकदा तशी चिन्हे दाखवते. रॅम नेहमीच्या जागी न थांबता थोडा पुढे सरकून थांबतो. क्लचचा आवाज बदलतो. आठवड्यातून एखादा स्ट्रोक उगाचच पडतो. हे सगळ्यांत आधी कळते ते आठ तास त्या यंत्रासमोर असणाऱ्या माणसाला. ते कळल्यावर पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो, यावर बरेच काही ठरते.

अनेक मोठ्या कंपन्यांच्या सुरक्षा धोरणात एक वाक्य हमखास असते: धोका दिसल्यास कोणताही कामगार काम थांबवू शकतो. यालाच काम थांबवण्याचा अधिकार म्हणतात. आपल्या कायद्याने मात्र इतके स्पष्ट कधी म्हटले नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात ४१-एच हे कलम आले. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना, जिवावर बेतेल असा धोका समोर दिसत असेल तर तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही कानावर घालण्याचा हक्क या कलमाने दिला. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने असा हक्क धोकादायक प्रक्रियांपुरता न ठेवता अधिक व्यापक केला. तरीही त्याचा गाभा कळवण्याचा आहे. कळवल्यावर उपाय करण्याची जबाबदारी मालकावर येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१चा १५५ क्रमांकाचा करार याच्या पुढे जातो. गंभीर धोका वाटण्यासारखे सबळ कारण असताना जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला त्याबद्दल त्रास होता कामा नये, असे या कराराचे तेरावे कलम सांगते.

म्हणजे प्रेस प्रत्यक्ष बंद करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी कंपनीच्या धोरणातूनच येतो. आणि धोरणावर सही करणारे साहेब रात्रपाळीला शॉपमध्ये नसतात. तिथे असतो तो सुपरवायझर. ऑपरेटरच्या लेखी कंपनीचे धोरण म्हणजे त्या सुपरवायझरच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य.

समजा, रात्री अडीचची वेळ आहे. सकाळी सहाला डिस्पॅचची गाडी निघायची आहे आणि अजून सहाशे ब्रॅकेट बाकी आहेत. कंत्राटावर आलेला, चार महिने जुना ऑपरेटर येऊन सांगतो, “साहेब, प्रेसने मघाशी एकदा डबल मारलं.” सुपरवायझर जाऊन बघतो. दहा स्ट्रोक मारून पाहतो, दहाही नीट पडतात. इथे दोन वाटा फुटतात. “आता तर बरोबर चालतंय, जपून कर, सकाळी मेंटेनन्सला सांगू,” ही पहिली. ऐकायला ती समजूतदार वाटते. पण झिजलेला ब्रेक तापमान, तेल आणि भार यांनुसार कधी धरतो, कधी सोडतो; त्यामुळे दहा चांगल्या स्ट्रोकनी काहीच सिद्ध होत नाही. पुढची सहाशे ब्रॅकेट मात्र त्याच मुलाच्या हातून निघणार असतात.

दुसऱ्या वाटेवरचे वाक्य साधे आहे: “बंद कर. सांगितलंस ते बरं केलंस.” त्यानंतरची कामे ठरलेली असतात. मुख्य मोटर बंद करायची, पण बंद केल्यावरही जड फ्लायव्हील काही काळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत डायमध्ये कोणीही हात घालायचा नाही. मग रॅम वरून घसरू नये म्हणून डायच्या मध्ये सेफ्टी ब्लॉक लावायचा. मेन स्विचला कुलूप घालायचे, त्यावर नाव आणि वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा. किल्ली दुरुस्ती करणाऱ्या फिटरच्या खिशात राहते. दुरुस्तीनंतर आधी पत्रा न लावता रिकामे स्ट्रोक मारून रॅम नेमका कुठे थांबतो ते पाहायचे. प्रेस पुन्हा सुरू करायची परवानगी फिटर आणि सुपरवायझर दोघांच्या सहीने द्यायची, आणि ज्याने तक्रार केली त्या ऑपरेटरला काय सापडले ते सांगायचे.

हे शेवटचे काम सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. काहीच उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या वेळी सांगायला येत नाही.

सुपरवायझरला यंत्राचे ज्ञान का लागते, हे लाइट कर्टनच्या उदाहरणावरून समजते. प्रेसच्या तोंडाशी अदृश्य किरणांचा हा पडदा असतो. हाताने किरण तुटला की रॅम थांबतो. पण तो तत्क्षणी थांबत नाही. समजा, थांबायला ०.२ सेकंद लागतात. पुढे येणाऱ्या हाताचा वेग अशा गणितात अनेकदा सेकंदाला १.६ मीटर धरतात, म्हणजे तेवढ्या वेळात हात ३२ सेंटिमीटर आत जातो. म्हणून पडदा डायपासून त्याहून थोडा जास्त, समजा ३५ सेंटिमीटरवर बसवला. वर्षभरात ब्रेक झिजला आणि थांबायला ०.३ सेकंद लागू लागले. आता हात ४८ सेंटिमीटर आत जाऊ शकतो. पडद्याचा हिरवा दिवा लागलेला आहे, किरण तुटले की प्रेस थांबतेही आहे, पण हात डायखाली पोहोचल्यानंतर. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये तर सुरू झालेला स्ट्रोक मध्ये थांबतच नाही, त्यामुळे तिथे हा पडदा लावून बोटे वाचत नाहीत. “सेन्सर आहे ना, चालव,” असे म्हणणाऱ्या सुपरवायझरला हा हिशेब ठाऊक असायला हवा.

पाहूनही न थांबवण्याची किंमत काय असते, हे अमेरिकेतल्या अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीत दिसले. १९८७मध्ये पॉल ओनील कंपनीचे प्रमुख झाले. त्यानंतर काही महिन्यांतच अ‍ॅरिझोनातल्या कारखान्यात एक तरुण कामगार मरण पावला. कामावर लागून त्याला काही आठवडेच झाले होते. एक्स्ट्रुजन प्रेस अडकली, तेव्हा तो पिवळा संरक्षक कठडा ओलांडून आत उतरला आणि अडकलेला तुकडा त्याने काढला. यंत्र पुन्हा चालू झाले आणि त्याचा फिरता दांडा त्याच्या डोक्यात बसला. ओनील यांनी अधिकाऱ्यांना बोलावून प्रत्येक मिनिटाची उजळणी केली. चार्ल्स डुहिग यांनी लिहिलेल्या हकिगतीनुसार त्यातून अनेक चुका पुढे आल्या. दोन व्यवस्थापकांनी त्याला कठडा ओलांडताना पाहिले होते, पण अडवले नव्हते. यंत्र बंद पडले तर दोष तुझ्यावर येणार नाही, हे प्रशिक्षणात त्याच्या मनावर ठसवलेले नव्हते. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी वरिष्ठाला बोलाव, अशी सूचना नव्हती. आणि माणूस आत उतरल्यावर यंत्र आपोआप थांबवणारा सेन्सरही नव्हता.

या यादीत त्या तरुणाचे धाडस हे कारण म्हणून फारसे उरत नाही. तो उत्पादन वाचवायला धावला, कारण थांबण्याची परवानगी आपल्याला आहे हे त्याला माहीत नव्हते. ओनील यांनी नियम घातला की कोणालाही दुखापत झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत त्यांना कळवायचे आणि ती पुन्हा होऊ नये यासाठीची योजनाही द्यायची. तेवढ्या वेळात वर उत्तर द्यायचे तर विभागप्रमुखाला खालच्या अधिकाऱ्याकडून आणि त्याला कामगाराकडून खबर लगेच मिळणे भाग होते. दुखापतीमुळे कामाचा दिवस बुडण्याचे प्रमाण १९८७मध्ये शंभर कामगारांमागे १.८६ होते, २०००पर्यंत ते ०.२वर आले.

अधिकाराचा खरा कस लागतो तो मतभेदात. ऑपरेटरला धोका वाटतो आणि सुपरवायझरला वाटत नाही, अशा वेळी शॉपमध्ये घडणारी सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे नकार देणाऱ्याला बाजूला करून त्याच प्रेसवर दुसऱ्या मुलाला बसवणे. त्या दुसऱ्याला काहीच माहीत नसते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या कायद्याने याची दखल घेतली आहे. कोणी धोक्यामुळे काम नाकारले असेल आणि चौकशी पूर्ण व्हायची असेल, तर ते काम दुसऱ्याला देताना आधीच्याने नकार दिला आहे हे आणि त्याची कारणे त्याला कामगार प्रतिनिधीच्या उपस्थितीत सांगावी लागतात. आपल्याकडच्या कारखान्याला हा नियम स्वतःच्या धोरणात घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुपरवायझरची अडचणही खरी असते. तासाला किती पार्ट निघाले याचा फळा त्याच्या नावावर असतो. प्रेस दोन तास बंद राहिली की सकाळच्या बैठकीत जाब त्याला विचारला जातो. म्हणून सुरक्षेसाठी बंद राहिलेला वेळ वेगळ्या रकान्यात लिहून त्या पाळीच्या टार्गेटमधून वजा करणे, हा कारखानाप्रमुखाने करायचा बदल आहे. तक्रार खोटी ठरली, प्रेसमध्ये काहीच सापडले नाही, तरीही तो वेळ वजाच झाला पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी सुपरवायझर ऑपरेटरकडून आधी पुरावा मागेल.

हा अधिकार प्रत्यक्षात चालतो की नाही, हे ओळखायला दोन वह्या शेजारी ठेवाव्यात: काम थांबवल्याची नोंदवही आणि मेंटेनन्सची नोंदवही. मेंटेनन्सच्या वहीत तीन महिन्यांत चार प्रेसचे ब्रेक लायनर बदलल्याची नोंद आहे आणि दुसऱ्या वहीत मात्र एकही थांबा नाही, असे दिसले तर विचारपूस सुरू करावी. त्या चार प्रेसवर कोण बसत होते, रॅम पुढे सरकत असल्याचे त्यांना कधी जाणवले, आणि त्यांनी ते कोणाला सांगितले? सांगितले असेल, तर ते कोणाच्या टेबलापाशी अडकले? सांगितले नसेल, तर याआधी सांगणाऱ्याचे काय झाले होते? ही उत्तरे शोधायला साहेबांनी त्या पाळीच्या सुपरवायझरला सोबत घेऊन, प्रेस बंद असताना, ऑपरेटरशी तिथेच उभे राहून बोलावे.